बी-१२ कमी असताना शाकाहारी घरांत होणाऱ्या या चुका टाळा

फोंड्यात माझं औषधांचं दुकान आहे. ‘हातापायांना मुंग्या येतात, बी-कॉम्प्लेक्स द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईक रोज एक तरी येतं. माझी आत्याही त्यांतलीच, फक्त ती मला न विचारता दुसऱ्याच दुकानातून गोळ्या घेत होती.

सात वर्षांपूर्वी अनुग्रह घेतल्यावर तिनं मासे सोडले. पहिली तीन-चार वर्षं काहीच झालं नाही, म्हणून मुंग्यांचा माशांशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पण बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. म्हणूनच श्रावणात महिनाभर मासे सोडणाऱ्याला काही होत नाही आणि कायमचे सोडणाऱ्याला त्रास होतो तेव्हा मासे सोडल्याची आठवणही जुनी झालेली असते.

आत्याची पहिली चूक ‘रक्त वाढायची गोळी’. थकवा आला म्हणून तिनं लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी चालू केली. हिमोग्लोबिन १२ च्या वर आलं आणि सगळे निर्धास्त झाले. फॉलिक ॲसिड बी-१२ च्या कमतरतेनं आलेला रक्तक्षय बराचसा झाकून टाकतं, नसांचं नुकसान मात्र थांबवत नाही. तिला अंधारात न्हाणीघराकडे जाताना तोल जायला लागला, ‘पायांखाली कापूस असल्यासारखं वाटतं’ असं ती म्हणायची. हिमोग्लोबिन चांगलं म्हणजे बी-१२ चांगलं, असं समजू नका.

दुसरी चूक मी दुकानात सर्वांत जास्त पाहतो. लोक आधी गोळ्या खातात आणि मग तपासणीला जातात. आठवडाभर गोळ्या घेतल्या तरी रक्तातला आकडा वर जातो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. आधी रक्त द्या. २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता मानतात. २०० ते ३०० मध्ये आला आणि त्रास असेल, तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाईलमॅलोनिक ॲसिड तपासायला सांगतात. आत्याचा १४२ आला.

‘पण मी अळसांदे, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला सगळं खाते!’ ती म्हणाली. हे सगळं चांगलं आहे, पण त्यात बी-१२ नसतं. ते फक्त काही सूक्ष्मजीव बनवतात. गाईच्या पोटातले जंतू ते बनवतात, म्हणून ते दुधात उतरतं. माशांतही ते अन्नसाखळीतून येतं. शेजारची वैनी एक बांगडा खाते तेव्हा तिची दिवसाची गरज सहज भागते. इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्या यांवर विसंबू नका. स्पिरुलिनात असतं ते बहुतेक शरीराला न चालणारं, बी-१२ सारखं दिसणारं रसायन.

मग दूध? १०० मिली दुधात साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज २.२ च्या आसपास. आत्याचं दूध म्हणजे दोन कप चहातलं, एकूण १०० मिलीही नाही, तेही पुन्हा पुन्हा उकळलेलं, आणि उकळल्यानं बी-१२ आणखी घटतं. वर पातळ ताक. सोलकढीत तर काहीच नाही. रोज अर्धा लिटर दूध-दही खरोखर पोटात जात असेल तरच हिशेब जुळतो. खात असाल तर अंडं मदतीला येतं, पण एकट्यानं पुरत नाही.

शिवाय आत्याला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची कॅप्सूल होती. दोन्ही बरीच वर्षं घेतली की बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. ती औषधं स्वतःहून बंद करू नका, फक्त वर्षातून एकदा पातळी तपासा.

मज्जातंतूंची लक्षणं असल्यानं डॉक्टरांनी तिला १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं एकाआड एक दिवस दिली, नंतर रोज १००० ची गोळी. एवढी मोठी मात्रा का? एका वेळी पोटातून नेहमीच्या वाटेनं जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम शोषले जातात, त्यापुढचं साधारण एक टक्काच. १००० मधून त्यामुळे दहा-बारा पदरात पडतात. बी-कॉम्प्लेक्सच्या पट्टीवर ५ किंवा १५ लिहिलेलं दिसलं तर ही भरपाई त्यानं होणार नाही. पट्टी घेताना मागचा आकडा वाचा.

थकवा दोन-तीन आठवड्यांत कमी झाला, मुंग्या जायला मात्र पाच महिने लागले, आणि डाव्या पायाच्या बोटांतला बधिरपणा अजून आहे. तेवढा उशीर झाला होता. बरं वाटल्यावर तिनं गोळी सोडायचा विचार केला, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, ‘मासे परत सुरू करणार काय?’ ती हसली आणि पट्टी घेऊन गेली.