घसरणारे पाऊल: फोनने टिपलेल्या चालीची दुरुस्ती

गड्ड्याच्या यात्रेवरील एका छोट्या अॅनिमेशनपटासाठी मला खांद्यावर सोलापुरी चादरींचा गठ्ठा घेऊन चालणारा विक्रेता हवा होता. मामेभावाला घराच्या गच्चीवर चालायला लावून ती चाल मी एकाच फोनने, सेकंदाला 30 चौकटींच्या वेगाने टिपली. त्या चित्रणातून काढलेली सांध्यांची हालचाल संगणकावरील पात्रावर चढवली तेव्हा हातपाय थरथरत होते आणि टेकलेली पावले फरशीवरून घसरत होती.

थरथर घालवण्यासाठी मी सगळ्या सांध्यांचे आलेख भरपूर गुळगुळीत केले, आणि तीच माझी मोठी चूक ठरली. थरथर थांबली, पण घसरण वाढली, कारण पाऊल हे कंबर, मांडी आणि गुडघा या साखळीचे शेवटचे टोक असते. 80 सेंटिमीटर लांबीच्या पायात कमरेपाशी एक अंशाचा फरक पडला, तरी घोटा सुमारे 1.4 सेंटिमीटर हलतो. म्हणून मूळ नोंदीकडे परत जाऊन मी ब्लेंडर या अॅनिमेशन सॉफ्टवेअरच्या ग्राफ एडिटरमधील `Butterworth Smooth` 6 हर्ट्झच्या मर्यादेवर, फक्त कंप जाईल इतपतच वापरले. साध्या चालीला ही मर्यादा मानवते. उडी किंवा लाथ असेल तर तिने मूळ झटकाच बोथट होतो.

त्यानंतर मी घसरणीचे मूळ शोधले. डावे पाऊल 42 ते 61 या चौकटींमध्ये टेकलेले होते, आणि तेवढ्या वेळात कंबर 77 सेंटिमीटर पुढे जात असताना पाऊलही 7 सेंटिमीटर पुढे सरकत होते. उजव्या पावलाचे मोजमाप जवळजवळ तेच निघाले. दोन्ही पावले एकाच दिशेला सारखीच घसरत असतील, तर दोष बहुधा पायांत नसून कमरेच्या सरकण्यात असतो. गच्ची अरुंद असल्यामुळे भाऊ थेट फोनच्या दिशेने चालला होता, आणि एका कॅमेऱ्याला स्वतःपासूनच्या अंतराचा अंदाजच सर्वांत कच्चा येतो. कमरेची पुढची सरक नऊ टक्क्यांनी कमी करताच घसरण दोन सेंटिमीटरच्या आत आली.

उरलेल्या घसरणीसाठी मी पाऊल आयकेने, म्हणजे टोकाची जागा पक्की धरून वरचे सांधे त्यानुसार वळवणाऱ्या पद्धतीने, बांधले, मात्र घोट्याला नव्हे, तर चवड्याला. कारण टेकणीच्या उत्तरार्धात टाच उचलली जाते आणि घोटा बांधला तर पात्र सपाट पायाने फरफटत चालते. बांधण्याची जागा मी पहिल्या चौकटीवरून नव्हे, तर टेकणीच्या मधल्या चौकटींवरून ठरवली आणि आधी-नंतर चार-चार चौकटींमध्ये बंधन हळूहळू लावले व सोडले.

एका ठिकाणी गुडघा झटक्याने सरळ होऊ लागला. मोजून पाहता कमरेपासून घोट्यापर्यंतचे अंतर पायाच्या एकूण लांबीपेक्षा अधिक भरत होते. बंधन सैल करण्याचा मोह झाला, पण त्याऐवजी त्या भागात कंबरच दीड सेंटिमीटर खाली घेतली, आणि खांद्यावर ओझे असलेल्या माणसाला ते शोभूनही दिसले.