शिडी घसरते तेव्हा तिचा मध्यबिंदू कुठून जातो: या चुका टाळा

भिंतीला शिडी टेकवलीये, खालचं टोक जमिनीवरून बाहेर सरकतंय, वरचं टोक भिंतीवरून खाली येतंय. शिडीच्या बरोब्बर मध्यावर लाल रिबन बांधली तर ती कुठल्या रेषेवरून जाईल? बिंदुपथाचा धडा सुरू झाला की मी अकरावीच्या बॅचला हा प्रश्न पहिल्याच दिवशी टाकते आणि हात आधी वर करू नका, आधी कागदावर काढा असं बजावून सांगते. तरी निम्मा वर्ग हवेत बोट फिरवून मोकळा होतो आणि बोट बहुतेक वेळा एकाच चुकीच्या दिशेनं फिरतं, कोपऱ्याकडे आत दबलेली, खोलगट अशी रेघ.

उत्तर सांगूनच टाकते, लपवण्यात काही मजा नाही. पाव वर्तुळ. केंद्र भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात, त्रिज्या शिडीच्या निम्मी, आणि फुगवटा कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला.

चूक पहिली: शिड्यांच्या रेषा बघून मध्यबिंदूचा मार्ग ठरवणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. मुलं काय करतात, वहीत दोन अक्ष काढतात, त्यावर शिडीच्या आठ-दहा स्थिती पट्टीनं आखतात, आणि त्या रेषांच्या गर्दीतून बाहेरच्या कडेला एक सुंदर आत वळलेली वक्ररेषा आपोआप उमटते. ती इतकी छान दिसते की झालं, हाच मार्ग. पण त्या रेषेवरून शिडीवरचा कुठलाच एक बिंदू चालत नाही. ती सगळ्या शिड्यांना बाहेरून स्पर्श करणारी रेषा आहे, तिला एन्व्हलप म्हणतात, आणि या ठिकाणी तिचं नाव अ‍ॅस्ट्रॉइड. दर स्थितीत शिडीचा वेगळाच बिंदू तिला टेकत असतो. शिडी जवळपास उभी असताना वरच्या टोकाजवळचा, जवळपास आडवी झाल्यावर खालच्या टोकाजवळचा.

एका वर्षी विज्ञान प्रदर्शनात एका ग्रुपनं काळ्या बोर्डावर खिळे ठोकून रंगीत दोऱ्यांनी हेच केलं होतं, मेहनत भरपूर, दिसायलाही एकदम भारी, आणि खाली मोठ्या अक्षरात पाटी, ‘घसरणाऱ्या शिडीच्या मध्यबिंदूचा मार्ग’. मी म्हटलं, अरे पाटी चुकलीये, ही मध्यबिंदूची रेषा नाही. तर त्यातला एक म्हणतो, “मॅडम, दिसतंय ना समोर!” मी म्हटलं, मग प्रत्येक दोऱ्याच्या मध्यावर स्केचपेननं ठिपका दे. द्यायला लागले. पहिले तीन-चार ठिपके त्या वक्ररेषेपासून चांगले आत पडले, मग जवळ आले, ४५ अंशाच्या दोऱ्याचा ठिपका अगदी रेषेवर बसला (तेव्हा त्यांचे चेहरे उजळले!), आणि पुढचे परत आत जायला लागले. सगळे ठिपके जोडले तर अ‍ॅस्ट्रॉइडच्या आत बसलेलं, तिला मधोमध एकाच जागी टेकणारं पाव वर्तुळ. परीक्षक तोपर्यंत येऊन, पाटी वाचून, शाबासकी देऊन गेलेसुद्धा होते. पाटी शेवटपर्यंत तशीच राहिली, बक्षीसही मिळालं, आणि पुढच्या बॅचला ती मुलं तेच ज्ञान वाटत होती, मला तेच निस्तरावं लागलं.

यावर माझा उपाय साधा आहे. १० सेमीची कागदाची पट्टी कापा, ५ सेमीवर ठिपका द्या, आलेखाच्या कागदावर पट्टीची दोन टोकं दोन अक्षांवर ठेवत सरकवा आणि फक्त ठिपका उतरवा, पट्टीची रेघ मारायचीच नाही. रेघ मारली की डोळा फसतो. खालचं टोक २.८ वर ठेवलं तर वरचं ९.६ वर येतं, ठिपका (१.४, ४.८). ६ वर ठेवलं तर वरचं ८, ठिपका (३, ४). ८ वर ठेवलं तर ६, ठिपका (४, ३). ९.६ वर ठेवलं तर २.८, ठिपका (४.८, १.४). कंपासचं टोक कोपऱ्यात रोवा, ५ सेमी उघडा, चारही ठिपक्यांतून जातो.

आणि कागदही नको असेल तर पहिल्या सेंटीमीटरचा विचार करा. पट्टी अगदी उभी आहे, खालचं टोक १ सेमी बाहेर ओढलं. वरचं टोक १० वरून ९.९५ वर आलं, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ठिपका बाजूला सरकला ५ मिलिमीटर आणि खाली आला पाव मिलिमीटर. म्हणजे तो सुरुवातीला जवळजवळ आडवाच निघतो, भिंतीपासून सरळ लांब. खोलगट रेघ खरी असती तर तो आधी भिंतीला चिकटून खाली उतरला असता. एवढ्या एका गोष्टीवर तो अंदाज बाद होतो, पण तेवढं थांबायची तयारी नसते कुणाची.

निम्मं करायला विसरणं

खालचं टोक (a, 0), वरचं (0, b), शिडीची लांबी L, म्हणून a² + b² = L², आणि मग घाईघाईत a च्या जागी x, b च्या जागी y लिहून x² + y² = L². हे त्रिज्या L चं वर्तुळ झालं, म्हणजे १० सेमीच्या पट्टीचा मध्य कोपऱ्यापासून १० सेमीवर! मध्यबिंदूसाठी x = a/2, y = b/2, म्हणून x² + y² = L²/4.

खरं सांगायचं तर मला ही बीजगणिताची वाट फारशी आवडत नाही, उत्तर येतं पण का आलं ते कळत नाही. मी शिडीवर आयत पूर्ण करते. भिंत आणि जमीन या दोन बाजू, समोरच्या दोन काढायच्या, शिडी हा एक कर्ण. दुसरा कर्ण कोपऱ्यातून निघतो. आयताचे कर्ण सारखे असतात आणि एकमेकांना दुभागतात, म्हणजे शिडीचा मध्य हाच दुसऱ्या कर्णाचाही मध्य, म्हणजे कोपऱ्यापासून कायम L/2 वर. संपलं. नववीत ‘कर्णावर काढलेली मध्यगा कर्णाच्या निम्मी’ पाठ केलेलं असतं तेच हे, पण नववीचं अकरावीत वापरायचं असतं हे कुणी मनावरच घेत नाही.

पूर्ण वर्तुळ लिहून मोकळं होणं

शिडी भिंतीच्या आत शिरत नाही आणि जमिनीखाली जात नाही. x ≥ 0, y ≥ 0 लिहा.

कुठलाही बिंदू वर्तुळावर फिरतो असं समजणं

फक्त मध्यबिंदू. बाकीचे लंबवर्तुळावर. १० सेमीच्या पट्टीवर खालून ३ सेमीवर ठिपका दिला तर तो आडवा ७ पर्यंत आणि उभा ३ पर्यंत जाणाऱ्या लंबवर्तुळाच्या पाव भागावर चालतो. भिंत आणि जमीन काटकोनात नसतील तर मध्यबिंदूचंही वर्तुळ राहत नाही, तेही लंबवर्तुळच होतं.

जिओजेब्रात दोन्ही टोकं मोकळी सोडणं

A आणि B दोन्ही अक्षांवर ठेवले आणि हातानं ओढले तर शिडीची लांबी बदलत राहते आणि ट्रेस म्हणजे नुसता गिचमिडा. A एकटा मोकळा ठेवा, B वर्तुळाच्या छेदातून काढा:

```
A = Point(xAxis)
c = Circle(A, 5)
B = Intersect(c, yAxis, 1)
M = Midpoint(A, B)
Locus(M, A)
```

शेवटचा 1 गाळलात तर वरचा आणि खालचा असे दोन छेदबिंदू मिळतात. आणि A हा x अक्षावर दोन्हीकडे फिरतो म्हणून इथं पाव नाही, अर्धं वर्तुळ उमटतं, लगेच ‘मॅडम सॉफ्टवेअर चुकलं’ असा मेसेज करू नका.

चूक दुसरी जी मला छळते: मार्ग वर्तुळाचा म्हणजे वेगही एकसारखा

५ मीटरची शिडी, खालचं टोक सेकंदाला १ मीटर या वेगानं बाहेर ओढतोय. टोक ३ मीटरवर असताना वरचं ४ मीटरवर, तेव्हा वरच्याचा वेग ३/४ म्हणजे ०.७५. मध्यबिंदूचा आडवा वेग ०.५, उभा ०.३७५, मिळून ०.६२५ मीटर प्रति सेकंद. आता टोक ४.८ मीटरवर गेलं, वरचं १.४ वर. वरच्याचा वेग जवळपास ३.४ आणि मध्यबिंदूचा जवळपास १.८. म्हणजे वर्तुळ तेच, पण मध्यबिंदू शेवटाकडे पळत सुटतो. म्हणूनच x समान अंतरानं वाढवून ठिपके काढले की शेवटी ते विरळ होतात, मुलांना वाटतं आलेख चुकला.

आणि हे गणित शेवटपर्यंत ताणून बघा. वरचं टोक जमिनीपासून १ सेमीवर आलं की सूत्र म्हणतं वेग ५०० मीटर प्रति सेकंद, आवाजापेक्षा जास्त. कुठलीच शिडी असं करत नाही, म्हणजे गृहीतकच कुठेतरी मोडतंय. मोडतं ते हे, की वरचं टोक भिंतीला चिकटून राहतं.

शिडी कुणी ओढत नाहीये, नुसती सोडून दिलीये, भिंत-जमीन दोन्ही गुळगुळीत, शिडी सगळीकडे सारख्या वजनाची, असं घेतलं तर हिशोब नेमका निघतो. सुरुवातीच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर आल्यावर वरचं टोक भिंत सोडतं. कारण मध्यबिंदूला आडवं ढकलणारी एकमेव गोष्ट म्हणजे भिंत, त्याचा आडवा वेग त्या क्षणापर्यंत वाढतो, आणि पुढेही टोक भिंतीवरच ठेवायचं तर भिंतीनं शिडीला आत ओढायला लागेल, ते भिंतीला जमत नाही. ५ मीटरची शिडी ४.८ मीटर उंचीवरून सुटली तर ३.२ वर भिंत सुटते. तेव्हा खालचं टोक साधारण ३.८४ मीटरवर, मध्यबिंदू (१.९२, १.६) वर. तिथपर्यंत वर्तुळ खरं. त्यापुढे आडवा वेग तेवढाच राहतो, मध्यबिंदू वर्तुळाच्या बाहेरून खाली येतो आणि जमिनीवर कोपऱ्यापासून २.५ मीटरच्या पलीकडे पडतो.

म्हणून प्रश्नात ‘दोन्ही टोकं अक्षांवर सरकतात’ असं दिलंय की ‘शिडी घसरून पडते’ असं, ते आधी वाचा. पहिल्याचं उत्तर आयत काढून एका ओळीत येतं. दुसरं फिजिक्सचं आहे, आणि तिथं पाव वर्तुळ लिहिलं तर मी मार्क कापते, कितीही वाद घातला तरी.