मॅच कट बसत नाही? या चुका टाळा

एका शॉटमधला आकार किंवा हालचाल दुसऱ्या शॉटमधल्या तशाच आकाराशी जुळवून थेट कापणं म्हणजे मॅच कट. 'दोन्ही गोल आहेत, मग जोडले' इथेच नवशिक्यांचे बहुतेक मॅच कट फसतात. नेहमीचं उदाहरण घ्या: आजी जात्यावर दळतेय आणि तिथून कट नातीच्या सायकलच्या चाकावर. कल्पना छान, पण पडद्यावर धक्का बसतो.

पहिलं कारण कॅमेरा. जातं समोरून तिरकं घेतलं तर ते लंबगोल दिसतं, आणि चाक मात्र बाजूने गोल. जातं अगदी वरून घ्या. दुसरं कारण फिरण्याची दिशा. ती उलटी निघाली की लोक क्लिप फ्लिप करून मोकळे होतात. मग चेन उजवीकडची डावीकडे जाते आणि सायकलवरचं नाव उलटं वाचावं लागतं. त्यापेक्षा सायकल दुसऱ्या बाजूने शूट करा, चाक आपोआप उलटं फिरताना दिसेल.

तिसरं कारण कुणाच्याच लक्षात येत नाही. जात्याचा एक फेरा दीड सेकंदाचा धरू. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ते फ्रेममागे साधारण साडेनऊ अंश सरकतं. म्हणून चाकही त्याच वेगाने फिरवलं, आणि त्याला ३६ तारा असतील, तर रिमजवळ दोन तारांत अंतर असतं १० अंशांचं. म्हणजे प्रत्येक फ्रेमला एक तार जवळपास पुढच्या तारेच्या जागी येते. चाक थबकल्यासारखं, किंचित मागे जातंय असंही वाटतं! एडिटमध्ये हे सुधारत बसू नका. एका तारेला रंगीत टेप लावा, किंवा चाक सोडून पायडल घ्या. मला पायडलच आवडतं, कारण खुंट्यावरचा हात जातो आणि तिथे पाय येतो. नुसता आकार नाही, कष्टही जुळतात.

आता कट. दुसरी क्लिप वरच्या ट्रॅकवर ५०% ओपॅसिटीला ठेवा आणि दोन्हींचे मध्यबिंदू एकावर एक आणा. खुंटा ज्या कोनात असेल त्याच कोनात पायडल येईल ती फ्रेम शोधा, तिथेच कापा, मग ओपॅसिटी परत १०० करा. फेरा चालू असताना कापा, थांबल्यावर नाही. आकार जुळवायला क्लिप मोठी करावी लागणार असेल तर शूट ४के आणि टाइमलाइन १०८० ठेवा; दुपटीपर्यंत चित्र फुटत नाही.

आणि त्यावर डिझॉल्व्ह टाकू नका. जुळलेल्या कटाला तो लागत नाही, न जुळलेला त्याने झाकला जात नाही. तयार ट्रान्झिशनच्या पॅकबद्दल न बोललेलंच बरं.

माँटाजमध्ये सलग आठ मॅच कट घातले की तिसऱ्यापासून प्रेक्षक गोष्ट सोडून फक्त पुढचं गोल काय येणार ते शोधतो. दोन पुरेत, मधे साधे कट. शॉट सगळे एकाच लांबीचे नकोत.

आवाज मात्र चित्राबरोबर कापू नका. जात्याची घरघर सायकलवर दहा-बारा फ्रेम तशीच राहू द्या, मग चेनचा आवाज वर आणा.