वर्षापूर्वी दिलेली टोकनची परवानगी आज कशी शोधायची आणि रद्द कशी करायची

मागच्या दिवाळीत माझी भाची तिचं मेटामास्क हे क्रिप्टोचं वॉलेट दाखवायला बसली. दोन वर्षांपूर्वी तिने एका अदलाबदलीच्या साइटवर 500 यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेली टोकन, देऊन ईथर हे इथेरियमचं मूळ नाणं घेतलं होतं आणि नंतर ती साइट कधी उघडलीच नव्हती. मधल्या काळात कामाचे 4,200 यूएसडीसी त्याच पत्त्यावर जमा झाले. मी परवानग्यांची यादी उघडली, तर त्या जुन्या साइटच्या कॉन्ट्रॅक्टपुढे, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या तिच्या प्रोग्रामपुढे, अजूनही `Unlimited` लिहिलेलं. म्हणजे तिचे नवे 4,200 उचलायचा तांत्रिक अधिकार त्या कॉन्ट्रॅक्टकडे होता, तिला पुन्हा काहीही न विचारता.

हे असं का होतं ते आधी नीट पाहू. इथेरियमवरचं यूएसडीसीसारखं टोकन तुमच्या वॉलेटमध्ये ठेवलेलं नसतं. कुणाचे किती, ही नोंद त्या टोकनच्या स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असते. अदलाबदल करणाऱ्या साइटला तुमच्या नावावरचे टोकन घ्यायचे असतील, तर तुम्हाला आधी टोकनच्या कॉन्ट्रॅक्टला सांगावं लागतं, की अमुक पत्त्याला माझ्याकडून इतके घेऊ दे. म्हणून पहिल्यांदा व्यवहार करताना दोनदा मंजुरी द्यावी लागते.

```
approve(spender, amount)
transferFrom(owner, recipient, amount)
```

पहिली ओळ तुम्ही सही करून पाठवता. दुसरी ओळ समोरचं कॉन्ट्रॅक्ट चालवतं, आणि तेव्हा तुमची सही लागत नाही. यूपीआयच्या ऑटोपेसारखंच वाटतं, पण ऑटोपेला रकमेची मर्यादा असते, शेवटची तारीख असते, पैसे कापायच्या आधी सूचना येते. इथे तारीख नाही आणि सूचनाही नाही. तुम्ही ठरवून दिलेली रक्कम वापरून संपते, नाहीतर तुम्ही स्वतः ती बदलता. तोपर्यंत परवानगी जिवंत. अमर्याद परवानगीत `amount` च्या जागी मावेल तेवढा सर्वांत मोठा आकडा टाकलेला असतो, त्यामुळे ती वापरून कधी संपतच नाही. साइट्स असं का मागतात? दर वेळी परवानगीचं वेगळं शुल्क आणि एक जादा टप्पा वाचतो म्हणून. सोय खरी आहे, पण ती वापरणाऱ्याला फार महाग पडू शकते.

किती महाग, ते 16 जुलै 2024 ला दिसलं. लायफाय नावाच्या सेवेच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये काही दिवसांपूर्वीच एक नवा भाग जोडला होता आणि त्यात त्रुटी राहून गेली होती. हल्लेखोराने त्या त्रुटीचा फायदा घेऊन कॉन्ट्रॅक्टकडूनच `transferFrom` चालवून घेतलं. सुमारे 1 कोटी 16 लाख डॉलरची टोकन गेली, आणि गेली ती अमर्याद परवानगी देऊन ठेवलेल्यांचीच. त्यांनी परवानगी दिली तेव्हा सेवा विश्वासाची होती. दोष नंतर आला. त्या दिवशी कुणाचाही पासवर्ड किंवा सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची मूळ किल्ली असलेली शब्दांची यादी, फुटली नव्हती. किल्ली वेगळ्या उपकरणात ठेवणारं हार्डवेअर वॉलेट असतं तरी उपयोग झाला नसता, कारण सही आधीच होऊन गेली होती.

यादी कशी पाहायची

`etherscan.io/tokenapprovalchecker` किंवा `revoke.cash` हा पत्ता स्वतः टाइप करून उघडा. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. नक्कल केलेल्या साइट्स नेमक्या तिथेच सापळा लावतात. नुसती यादी पाहायला वॉलेट जोडावंच लागत नाही, आपला `0x` ने सुरू होणारा पत्ता चिकटवला की पुरतं. सीड फ्रेज मागणारी साइट दिसली, तर ती तिथेच बंद करा.

प्रत्येक ओळीत टोकन कोणतं, परवानगी कुणाला, किती आणि कधीची, हे दिसतं. आधी अमर्याद परवानग्या शोधा, आणि त्यातही जिथे आज शिल्लक आहे त्या. कॉन्ट्रॅक्टचं नाव ओळखीचं नसेल, तर त्या ओळीला सगळ्यांत आधी हात घाला. शिल्लक शून्य असलेली ओळही निरुपद्रवी समजू नका, भाचीचे पैसे नंतरच आले होते. परवानग्या प्रत्येक साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, वेगळ्या असतात, त्यामुळे इथेरियम झालं की पॉलिगॉन, आर्बिट्रम, बेस असं जिथे जिथे व्यवहार केला ते सगळं पाहा.

रद्द कशी करायची

आता वॉलेट जोडा आणि त्या ओळीसमोरचं `Revoke` दाबा. ही नवी जादू नाही. तोच `approve`, फक्त रक्कम 0. वॉलेटची खिडकी उघडली की सही करण्याआधी डेटा वाचा. सुरुवात `0x095ea7b3` ने झाली पाहिजे, मध्ये यादीतला तोच पत्ता, आणि शेवटचे 64 अंक सगळे शून्य. शेवटी 64 वेळा `f` दिसला, तर तुम्ही रद्द करत नसून नवी अमर्याद परवानगी देत आहात. नाकारा आणि साइट बंद करा.

या व्यवहाराचं शुल्क त्या साखळीच्या मूळ नाण्यात द्यावं लागतं. भाचीकडे यूएसडीसी होते, पण ईथर शून्य, म्हणून तिचा पहिला प्रयत्न अडलाच. गॅस म्हणजे व्यवहाराला लागणाऱ्या कामाचं माप आणि ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग; साधारण 30,000 गॅस धरला आणि दर 2 ग्वेई असला, तर 0.00006 ईथर लागतं. थोडं ईथर मागवलं आणि पुढच्या पाच मिनिटांत काम झालं.

व्यवहार पक्का झाल्यावर यादी पुन्हा उघडा. ती ओळ गेलेली दिसली पाहिजे. खात्रीच हवी असेल, तर इथरस्कॅनवर टोकनच्या कॉन्ट्रॅक्टच्या `Read Contract` मध्ये, यूएसडीसीसाठी `Read as Proxy` मध्ये, `allowance` शोधा, आपला आणि त्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता टाका. उत्तर 0 आलं की झालं.

फसगत कुठे होते

मेटामास्कमध्ये साइट `Disconnect` केली की परवानगी गेली, असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. त्याने साइटला तुमचा पत्ता दिसणं थांबतं, साखळीवरची नोंद तशीच राहते.

दुसरी अडचण सहीच्या परवानगीची. काही टोकनमध्ये `permit` नावाची सोय असते: व्यवहार न पाठवता, शुल्क न भरता नुसत्या संदेशावर सही करूनही परवानगी देता येते. ती सही कुणी वापरेपर्यंत यादीत दिसतच नाही. म्हणून फुकटची सही मागितली तरी त्यातला `spender`, `value` आणि `deadline` वाचल्याशिवाय सही करू नका.

आणि चोरी झालेली टोकन रद्द केल्याने परत येत नाहीत, फक्त पुढची गळती थांबते. सीड फ्रेजच बाहेर गेली असेल, तर परवानग्या रद्द करण्यात वेळ घालवू नका. उरलेलं सगळं ताबडतोब नव्या वॉलेटवर हलवा.

पुढच्या वेळी परवानगी देताना वॉलेटच्या खिडकीत `Spending cap` बदलून लागेल तेवढाच आकडा लिहा, 500 द्यायचे तर 500. वापरल्यावर ती आपोआप संपते. यूएसडीटी या डॉलरला बांधलेल्या दुसऱ्या टोकनबाबत एक लक्षात ठेवा: इथेरियमवर त्याची शिल्लक राहिलेली परवानगी थेट दुसऱ्या आकड्यावर नेता येत नाही, आधी ती 0 करावी लागते आणि मग नवी रक्कम लिहावी लागते. व्यवहार कारण न सांगता फसला, तर बहुधा हेच कारण असतं.