वॉर्डमधली देखरेख रेझ्युमेत ‘शिकवणं’ म्हणून कशी मांडायची

नर्सिंग कॉलेजात ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरच्या जागेसाठी आलेल्या रेझ्युमेंत एक ओळ हमखास सापडते: ‘नवीन स्टाफ व विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले.’ आठ वर्षं आयसीयूत काढलेली सिस्टरही हेच लिहिते आणि दोन वर्षांची सिस्टरही. दोघींपैकी कुणाला शिकवता येतं, हे त्या ओळीवरून प्राचार्यांना कळत नाही.

पात्रतेचं आधी उरका. इंडियन नर्सिंग कौन्सिल ट्यूटरसाठी एम.एस्सी. नर्सिंगला प्राधान्य देतं, बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. असेल तर एक वर्षाचा अनुभव मागतं. म्हणून पदवी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, त्याची मुदत आणि विभागवार अनुभव पहिल्या पाच-सहा ओळींत येऊ द्या.

खरं काम त्यानंतरचं. लिहायला बसण्याआधी गेल्या दोन-तीन वर्षांतलं आठवा. ओरिएंटेशनला तुमच्या हाताखाली कोण कोण होतं? विद्यार्थिनींच्या प्रोसिजर बुकमध्ये कोणत्या प्रोसिजरला तुमची सही आहे? वॉर्डमध्ये इन-सर्व्हिस क्लास घेतला होता का, कोणत्या विषयावर? आकडे अंदाजाने टाकू नका, इन्चार्ज सिस्टरकडचं रजिस्टर बघून घ्या.

मग प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारा: कुणाला शिकवलं, कोणतं कौशल्य, जमलं की नाही हे कशावरून ठरवलं, आणि नाही जमलं तेव्हा काय केलं? देखरेख पहिल्या दोन प्रश्नांवर संपते, मूल्यमापन पुढच्या दोनांत असतं. 2021 मध्ये राजपत्रात आलेला बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम क्षमताधारित आहे आणि त्यात ऑस्कीसारख्या परीक्षा आहेत. त्यामुळे चेकलिस्ट हातात घेऊन विद्यार्थिनीचं काम बघणं हे कॉलेजात तुमचं रोजचं काम असणार आहे.

एक उदाहरण घेऊ. आयसीयूतल्या एका सिस्टरने लिहिलं होतं, ‘ज्युनिअर स्टाफच्या सक्शनिंगवर देखरेख केली.’ तिच्याशी बोलल्यावर कळलं की वर्षभरात सहा नव्या सिस्टर तिच्याकडे होत्या. आधी ती स्वतः करून दाखवायची, मग शेजारी उभी राहून करून घ्यायची, आणि तिसऱ्या वेळी फक्त बघायची. सक्शनआधी ऑक्सिजन दिला का, निर्जंतुकपणा राखला का, कॅथेटर आत घालताना सक्शन बंद होतं का, एक पास पंधरा सेकंदांत आटपला का, मॉनिटरकडे लक्ष होतं का, हे सगळं ती विभागाच्या चेकलिस्टवर भरायची. दोघींना पहिल्यांदा जमलं नाही. त्यांना तिने आठवडाभर बरोबर ठेवलं आणि पुन्हा पाहिलं. हीच गोष्ट रेझ्युमेत अशी उतरली:

‘आयसीयूत रुजू झालेल्या 6 परिचारिकांना एंडोट्रॅकियल सक्शन प्रात्यक्षिकासह शिकवले, विभागाच्या चेकलिस्टनुसार प्रत्यक्ष निरीक्षणाने मूल्यमापन केले, 2 जणींना पुन्हा सराव देऊन फेरमूल्यमापन केले, अंतिम सही इन्चार्ज सिस्टरची.’

शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. सही इन्चार्जची असताना ‘मी सक्षम ठरवले’ असं लिहिलं तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडचण होते. आणि नापास झालेल्या दोघींचा उल्लेख लपवू नका. माझ्या मते साऱ्या रेझ्युमेत तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण मूल्यमापन खरोखर झालं हे त्यावरूनच कळतं. सगळ्यांनाच पास केलेली चेकलिस्ट बघून मला तरी शंका येते.

चेकलिस्ट नसेल, तर आता मागच्या तारखेची बनवू नका. ‘निरीक्षण करून तोंडी अभिप्राय दिला’ एवढं खरं लिहा आणि पुढच्या ज्युनिअरपासून लेखी नोंद सुरू करा.

आणखी एक मोह टाळावा: ‘माझ्या प्रशिक्षणामुळे व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया कमी झाला.’ तो आकडा हातांची स्वच्छता, बेडचं डोकं वर ठेवणं, मुखाची निगा, रुग्ण किती गंभीर होते अशा अनेक गोष्टींनी हलतो. तुमचा परिणाम शिकणारीच्या हातात दिसतो, तोच मांडा.

अशा चार-पाच ओळी झाल्या की त्यांना ‘क्लिनिकल अध्यापन व मूल्यमापन’ असं वेगळं शीर्षक द्या आणि ते नोकरीच्या यादीच्या वर ठेवा. विद्यार्थिनी आणि नवा स्टाफ यांच्या ओळी वेगळ्या असाव्यात. कॉलेजला आधी विद्यार्थिनी दिसायला हव्यात. औषधं देणं, बेडसाइड हँडओव्हर ही रोजची कामं खाली एका ओळीत बसतात.

पुरावा म्हणून भरलेल्या चेकलिस्टचे फोटो काढून नेऊ नका. त्यावर सहकाऱ्यांची, कधी रुग्णांचीही नावं असतात. त्याऐवजी मेट्रनकडून लेटरहेडवर पत्र मागा. त्यात कालावधी, शिकणाऱ्यांची संख्या आणि कौशल्यांची नावं यावीत. मसुदा तुम्हीच लिहून दिलात तर पत्र लवकर हाती येतं, फक्त त्यातले आकडे रेझ्युमेतल्या आकड्यांशी जुळतात ना, हे सहीआधी तपासून घ्या.