‘बजेट फिक्स आहे’ म्हणाले तर: पगाराची बोलणी करण्याआधीची तयारी

ऑफर येते, आकडा अपेक्षेपेक्षा कमी असतो, आणि तुम्ही वाढवून मागितलंत की एचआरकडून ठरलेलं उत्तर येतं: “या पोझिशनचं बजेट फिक्स आहे.” यावर कुणी मुकाट्याने हो म्हणतं, तर कुणी तोच आकडा पुन्हा पुन्हा मागत राहतं. उमेदवार असताना मी दोन्ही करून पाहिलंय. पुढे काही वर्षं टीमसाठी माणसं घेताना समोरच्या खुर्चीत बसलो, तेव्हा कळलं की हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं, पण ते एकाच खिशाबद्दल असतं. तो खिसा म्हणजे दर महिन्याला जाणारा मूळ पगार. एकदाच द्यायची रक्कम वेगळ्या खिशातून येते, पगारवाढ कधी बघायची हे आणखी कुणीतरी ठरवतं, आणि रुजू होण्याची तारीख तर बहुतेक वेळा मॅनेजरच्याच हातात असते. म्हणून खाली जी तयारी सांगतोय, ती सगळी कुठला खिसा बंद आहे आणि कुठला उघडा, हे शोधण्यासाठी आहे.

सगळ्यात आधी ऑफर लेखी हातात घ्या आणि तोवर आताच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. राजीनामा दिल्यावर केलेली बोलणी ही विनंती असते आणि समोरच्याला ते माहीत असतं. ऑफर लेटर आलं की ते दोनदा वाचा. मूळ पगार किती, कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस किती, पहिल्या वर्षी तो पूर्ण मिळणार की महिन्यांच्या प्रमाणात, आणि पदाची ग्रेड कुठली, हे एका कागदावर लिहून काढा. एकूण पॅकेजचा मोठा आकडा बाजूला ठेवा. त्यात हमखास मिळणारे पैसे किती आणि ‘मिळाले तर’ किती, हे वेगळं केल्याशिवाय तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय ते सांगता येणार नाही.

मग स्वतःचा हिशेब करा. आताची नोकरी सोडताना काय बुडतंय, ते अगदी नेमकं लिहा. दोन महिन्यांनी मिळणारा वार्षिक बोनस, ठरलेली पगारवाढ, अजून पूर्णपणे आपल्या नावावर न झालेले शेअर्स. हे मी मुद्दाम आधी करायला सांगतोय, कारण बजेट फिक्स असताना सगळ्यात वजनदार कारण हेच असतं. “मला जास्त हवेत” याला एचआरकडे उत्तर तयार असतं. “इथे आल्यामुळे माझी एवढी ठरावीक रक्कम बुडतेय” याला तसं तयार उत्तर नसतं. शिवाय नुकसान एकदाच होणारं असलं की भरपाईही एकदाच मागता येते, आणि एकरकमी पैसे देताना पगाराच्या बजेटला हात लावावा लागत नाही.

याच कागदावर खाली तुमचा नकाराचा आकडा लिहा. याखाली मी ही नोकरी घेणार नाही, असा. तो कुणाला सांगायचा नाही, पण फोनवर बोलताना डोळ्यांसमोर असावा. नाहीतर समोरचा माणूस गोड बोलला की आपण त्याखाली उतरतो आणि तीन महिन्यांनी चिडचिड करत बसतो.

आता मुख्य काम: बजेट फिक्स का आहे, ते समजून घेणं. अनेक कंपन्यांत प्रत्येक ग्रेडला पगाराचा पट्टा असतो, ज्याला बँड म्हणतात. त्याचा एक किमान, एक मधला आणि एक कमाल आकडा असतो. नव्या माणसाला अगदी कमाल आकड्याजवळ घ्यायला कंपनी कचरते, कारण मग पुढच्या पगारवाढीला जागा उरत नाही. दुसरं कारण त्याहून अवघड. त्याच ग्रेडमध्ये तीन-चार वर्षं काम करणारी माणसं आधीपासून असतात, आणि नवा माणूस त्यांच्या वर गेला की टीममध्ये कुरबुर होते. या दोन्ही कारणांपुढे तुमचा आग्रह टिकत नाही. तिसरं कारण असं, की एचआरच्या माणसाला जो आकडा मंजूर करून दिलाय त्याच्या वर जायला फायनान्सची वेगळी मंजुरी लागते, आणि ती मागायला त्याच्याकडे सध्या काही कारण नाही. इथे मात्र तुम्ही ते कारण पुरवू शकता.

यातलं कुठलं कारण आहे हे ओळखायला एक साधा प्रश्न विचारा: “बजेट फिक्स आहे हे समजलं. ते फक्त मूळ पगाराचं आहे की पूर्ण पॅकेजचं? आणि हा आकडा या ग्रेडच्या बँडमध्ये साधारण कुठे बसतो?” प्रश्न विचारला की थांबा. शांतता सहन होत नाही म्हणून आपणच “नाही, म्हणजे तसं काही नाही” म्हणून विषय गुंडाळतो, तेवढं टाळा. समोरच्याने बँडची कल्पना दिली, कारण सांगितलं किंवा स्वतःहून दुसरा पर्याय सुचवला, तर मर्यादा खरी आहे असं धरा आणि मूळ पगाराचा विषय सोडून द्या. कारण न सांगता फक्त “पॉलिसी आहे” एवढंच ऐकू आलं, तर मॅनेजरशी दहा मिनिटं बोलायची वेळ मागा. माणूस त्याला हवा असतो, आणि अपवादाची मंजुरी बहुतेक ठिकाणी त्याच्याच शब्दावर निघते. सरकारी किंवा ठरलेल्या वेतनश्रेणीच्या नोकरीत यातलं फारसं चालत नाही. तिथे आधीच्या अनुभवाची वर्षं धरून वरच्या टप्प्यावर सुरुवात देता येईल का, एवढंच विचारून बघा.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आकडे सोपे राहावेत म्हणून नव्या ऑफरचा वार्षिक मूळ पगार 100 धरू. माझ्या ओळखीतल्या एका डेटा ॲनालिस्टला ही ऑफर आली. तिला हवे होते 110. तिचा तेव्हाचा पगार 92 होता आणि दोन महिन्यांनी 8 बोनस मिळायचा होता, तो आता बुडणार होता. बजेट फिक्स असल्याचं कळल्यावर तिने वर सांगितलेला प्रश्न विचारला. उत्तर आलं की मूळ पगार बँडच्या वरच्या टोकाला आहे, पुढे सरकवता येणार नाही. मग तिने दुसरी चौकशी केली, जी बरेच जण करत नाहीत: “पुढची वार्षिक पगारवाढ कधी असते, आणि मी तिच्यात बसते का?” कळलं असं, की पगारवाढीच्या आधी सहा महिने पूर्ण झालेले नसतील तर त्या वर्षी वाढ नाही. ती पाच महिने आधी रुजू होणार होती. म्हणजे एका महिन्यासाठी तब्बल 17 महिने त्याच पगारावर.

इथे तिने आकडेमोड केली. समजा वाढ 8 टक्के झाली आणि तिला ती पूर्ण मिळाली, तर पुढच्या 12 महिन्यांत हातात 8 जास्त येतात. 8 जॉइनिंग बोनस मिळाला तरी 17 महिन्यांअखेर तेवढाच फरक पडतो. पण जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, वाढ मात्र मूळ पगारात मुरते आणि पुढच्या प्रत्येक वाढीचा पाया होते. उलट जॉइनिंग बोनसची रक्कम ठरलेली असते, वाढीचं कुणी आश्वासन देत नाही. म्हणून तिने दोन्ही मागितलं, एकाच वेळी, क्रम लावून: आधी बुडणाऱ्या बोनसची भरपाई म्हणून 8, आणि त्यानंतर याच वर्षीच्या पगारवाढीत समावेश. आकड्यांऐवजी त्यांना तिसरा पर्यायही देऊन ठेवला, की एवढं जमत नसेल तर जुना बोनस खात्यात जमा झाल्यावर, म्हणजे दोन महिने उशिरा रुजू होईन. मॅनेजरला माणूस लगेच हवा होता, त्यामुळे तिसऱ्या पर्यायाने पहिल्या दोघांना जोर आला. शेवटी 6 जॉइनिंग बोनस मिळाला आणि पगारवाढीत पाच महिन्यांच्या प्रमाणात समावेश झाला. 8 टक्क्यांचे बारातले पाच भाग म्हणजे साधारण 3.3 टक्के. बुडालेला 8 बोनस 6 आणि 3.3 मिळून भरून निघाला, वर पगार 92 वरून 100 झाला होताच. मूळ पगाराचं बजेट जागचं हललं नाही.

मागण्या एकदम मांडा, असं म्हणतोय त्यालाही कारण आहे. एक मान्य झाली की दुसरी काढायची, मग तिसरी, असं केलं की एचआरच्या माणसाला दर वेळी वर जाऊन पुन्हा मंजुरी आणावी लागते, आणि दुसऱ्या खेपेला तो वैतागतो. ईमेल असा लिहा की तो जसाच्या तसा पुढे पाठवता येईल. मी सुचवतो तो मजकूर साधारण असा: “ऑफरबद्दल आभार. हे काम मला करायचंय. मूळ पगाराची मर्यादा समजली. सध्याची नोकरी आता सोडल्याने माझा अमुक रकमेचा बोनस बुडतो. तेवढी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून देता आली आणि या वर्षीच्या पगारवाढीत माझा समावेश झाला, तर मी याच आठवड्यात ऑफर स्वीकारून सही करतो.” शेवटचं वाक्य मनापासून खरं असेल तरच लिहा. नसलेली दुसरी ऑफर असल्याचं तर अजिबात सांगू नका. “मग तिकडचीच घ्या” असं उत्तर आलं, तर परतीची वाट राहत नाही.

जॉइनिंग बोनस मिळाला तर त्याच्या अटी नीट वाचा. ठरावीक मुदतीच्या आत, बहुतेकदा एका वर्षाच्या आत, नोकरी सोडली तर तो परत करावा लागतो. परतफेड पूर्ण की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, करासकट रकमेची की हातात आलेल्या रकमेची, आणि कंपनीनेच काढलं तरी परत करायचा का, ही तीन उत्तरं लेखी घ्या. ते पैसे खर्च करण्याआधी ही उत्तरं हातात असू द्या.

आणि “सहा महिन्यांनी बघू” या शब्दावर विसंबू नका. मी विसंबलो होतो. मॅनेजर सज्जन होता, शब्द मनापासून दिला होता, पण पाचव्या महिन्यात तो दुसऱ्या विभागात गेला. नव्या मॅनेजरला कशाचीच कल्पना नव्हती, आणि एचआरने लेटर उघडून दाखवलं. त्यात तसं एक अक्षरही नव्हतं. त्यांची चूक म्हणता येत नाही, मीच लिहून घेतलं नव्हतं. लेटरमध्ये आढाव्याची तारीख, कुठली कामं झाली की वाढ विचारात घेणार ते, आणि शक्य असेल तर किती टक्क्यांपर्यंत, एवढं असावं. सुधारित लेटर द्यायला कंपनी तयार नसेल, तर निदान एचआरकडून ईमेलवर होकार घ्या आणि तो ऑफिसच्या नव्हे, स्वतःच्या ईमेल पत्त्यावर जपून ठेवा.

एकदा नीट मागूनही दुसऱ्यांदा स्पष्ट नकार आला, तर तिथे थांबा. तो सुरुवातीचा कागद काढा, नकाराचा आकडा बघा, आणि ऑफर त्याच्या वर असेल तर त्याच दिवशी हो कळवा. खाली असेल तर तितक्याच लवकर, दोन ओळींत, आभार मानून नाही कळवा.