नाकाच्या पडद्याचं छिद्र: शिट्टी थांबली ती बटणाने

वाकडा पडदा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या पडद्याला पुढच्या भागात सुमारे 1 सेंमीचं छिद्र राहिलं. छिद्र लहान की श्वासाबरोबर शिट्टी वाजते. मोठं झालं की शिट्टी कमी होते, पण कडा सुकून खपली धरते आणि ती ओढली की रक्त येतं, छिद्रही वाढतं. म्हणून खपली कधीच नखाने काढायची नाही.

पावसात बरं वाटायचं, पणजीतल्या एसी ऑफिसात मात्र त्रास. उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा चमचा आयोडीनविरहित मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून दिवसातून दोनदा नाक धुतलं, मग कडेला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. रक्त थांबलं, शिट्टी राहिली.

म्हणून छिद्र बुजवणारं बटण बसवायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरांनी छिद्राची इतर कारणं तपासली: क्रोम प्लेटिंगचं काम, कोकेन, नाक मोकळं करणारे स्प्रे, सगळं विचारलं आणि रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी एएनसीए ही रक्ततपासणी केली. दाह चालू असताना बटण टिकत नाही. बटण म्हणजे सिलिकॉनच्या दोन चकत्या, मध्ये दांडा. नाक बधिर करून एक चकती दुमडून छिद्रातून पलीकडे सरकवतात. चकती मोठी राहिली तर टोचते, तेव्हा कापून घ्यावी लागते. बटणावरही खपली धरते, म्हणून धुणं चालूच आहे.